लताताईंची बॅग आणि मीनाक्षीचं भिंग

मीनाक्षी तारळेकर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी तिची नजर जाते बुटांच्या टाचांकडे, मग बॅगेच्या कोपऱ्यांकडे, मग मनगटावरच्या पट्ट्याकडे. बसमध्ये शेजारी एखादी बाई येऊन बसली, की हिला दिसतं की पर्सच्या पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालंय, पण बाई बक्कल अडकवते पाचव्या भोकात. म्हणजे पर्स आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. आता यावर गप्प बसावं की नाही? मीनाक्षी बसते गप्प, पण उतरेपर्यंत तिची नजर त्या भोकावरून हलत नाही.

नवरा सुबोध केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बदली होत होत गाडी चंदीगडला लागली आणि इथेच रुळली. लेक आर्याला मराठी समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. माहेर इचलकरंजीचं. वडील कापडाच्या कारखान्यात विणकाम मास्तर होते. त्यांचं धागे मोजायचं पितळी भिंग, काडेपेटीएवढं, घडी घालून खिशात मावणारं, मीनाक्षीकडे आलंय. लग्नात दागिने काय मिळाले ते ती विसरली असेल, पण हे भिंग तिने कुठे ठेवलंय ते तिला झोपेतून उठवून विचारा.

याच भिंगाने तिला नोकरी मिळवून दिली. सेक्टर सतरामध्ये पहिल्या मजल्यावर हरलीन कौरचं दुकान आहे. वापरलेल्या ब्रँडेड वस्तूंचं. कॅनडाहून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगा, जॅकेटं, बूट, जीन्स, सगळं तिथे येतं आणि पुन्हा विकलं जातं. मीनाक्षी तिथे गेली होती आर्यासाठी जॅकेट बघायला. काउंटरवर कुणीतरी एक जीन्स आणली होती, फार जुनी, फार मोलाची म्हणून. हरलीन भाव करणार एवढ्यात हिच्या तोंडून निघून गेलं, "दोनों जांघों पर एक जैसी सिलवटें? आदमी क्या नाप के बैठता है?"

मग तिने दाखवलं. माणूस जीन्स वापरतो तेव्हा जांघेतल्या सुरकुत्या त्याच्या बसण्या-उठण्याप्रमाणे पडतात, एक बाजू नेहमी जास्त. मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन उमटतो. पट्टा अडकवायच्या फितीखाली रंग गडद निळाच राहतो, कारण तिथे उन्हाचा आणि घासण्याचा हात पोचत नाही. या जीन्सवर दोन्ही मांड्यांवर तंतोतंत सारखी नक्षी, फितीखालीसुद्धा फिकट, आणि गुडघ्याला भोक पडलंय तरी आतल्या खिशाचं पांढरं कापड कोरं करकरीत. "पहनी नहीं है. बनाई है," मीनाक्षी म्हणाली. हरलीनने जीन्स परत केली आणि हिला कामावर ठेवून घेतलं.

तिचा सगळा धर्म एका वाक्यात बसतो. वापर आळशी असतो आणि बनावट कामसू. हात जिथे लागतो तिथेच वस्तू झिजते, बाकीची तशीच राहते. जुनं 'करणारा' माणूस मात्र सगळीकडे सारखा राबतो. जिथे कुणाचं बोटही पोचणार नाही तिथेही तो पॉलिश पेपर फिरवून येतो. हरलीनने त्याचा नियम करून टाकला होता, की एका जागी जरी मुद्दाम जुनं केल्याची खूण दिसली, तरी वस्तू बाद. नियम सोपा होता आणि लताताईंची बॅग येईपर्यंत कुठे अडला नव्हता.

लताताई मराठी मंडळातल्या. गणपतीत आरतीचं ताट त्यांच्याशिवाय हलायचं नाही. मूळच्या वाईच्या. नवरा देवेंद्र भूगर्भ खात्यात होता, मागल्या वर्षी गेला. आता मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं म्हणून घर आवरायला काढलं होतं. पितृपक्षात, दुकान थंड असताना, त्या जिना चढून आल्या आणि काउंटरवर चामड्याची एक बॅग ठेवली.

"यांची आहे. लाहौल-स्पितीत परदेशी लोकांबरोबर काम केलं होतं ना, त्यातल्या एका साहेबाने जाताना दिली. तेव्हापासून डोंगरात हीच. आदित्य म्हणतो, आई, पुण्यात माळ्यावर पडून राहील, त्यापेक्षा कुणीतरी वापरू दे. मलाही पटलं गं. वापरणाऱ्याकडे जाऊ दे."

बॅग ब्रॅम्ली नावाच्या इंग्लिश कंपनीची. जाड चामडं, मोठी झडप, पुढे दोन पितळी बकलं. या कंपनीच्या जुन्या बॅगांना शौकीन माणसं जीव टाकतात आणि म्हणूनच नव्या बॅगा जुन्या करून खपवणारेही पुष्कळ. मीनाक्षी आनंदाने म्हणाली, "ठेवून जा, लताताई. मी स्वतः बघते."

आणि तिथून तिच्या डोक्याचा भुगा झाला.

बकलांपासून सुरुवात केली. पितळ वापरात झिजतं ते अंगठा दाबतो त्या कडेला आणि पट्टा सरकतो त्या दांडीवर. खाचांमध्ये काळपटपणा राहतो. इथे खाचासुद्धा लखलखीत. कंपनीच्या नावाची अक्षरं सगळी सारखीच बोथट. भिंगाखाली पितळभर बारीक ओरखडे, एकाच दिशेने, ओळीने. पॉलिश पेपरची सही ती हीच. बकलाभोवती चामड्यावर फिकट कडं, आणि टाक्यांच्या भोकांत पांढुरकी पूड बसलेली. चामड्याचा रंगही सगळीकडे सारखा गडद. बकलाच्या पट्ट्याखाली, जिथे ऊन लागत नाही तिथेही. शिवणीचा दोराही तेवढाच गडद. चहाच्या पाण्यात किंवा तेलात मुरवून रंग चढवतात तेव्हा असंच होतं. झडपेवर, मधोमध, एक लालसर डाग. रंग फुटून आला असावा.

एवढं पाहून कोणीही बॅग बाजूला सारली असती. पण मीनाक्षीने ती उलटी केली आणि पंचाईत झाली.

मागची बाजू कमरेला लागते. ती हलकी खोलगट झाली होती आणि तिथलं चामडं गुळगुळीत. खालच्या दोन कोपऱ्यांतला एकच जास्त खाल्लेला. पट्ट्याच्या आतल्या अंगाला, खांद्यावर येतो तिथे, घामाच्या मिठाची नागमोडी रेघ. बक्कल अडकवायचं एकच भोक ताणलेलं, बाकीची गोल. हे सगळं आळशी होतं, एकांगी होतं, खरं होतं. मग पुढची बाजू एवढी कामसू कशी?

एकाच बॅगेवर जणू दोन माणसांनी साक्ष दिली होती आणि दोघेही शपथेवर बोलत होते. मीनाक्षीने बॅग दिवसातून कितीदा हातात घेतली त्याला गणती नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हरलीनला दाखवली. तिने बकलावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मीनाक्षी जी, आप ही कहती हो, एक जगह भी हो तो बाद. फिर सोचना क्या?"

खरं होतं. स्वतःचाच नियम स्वतःवर उलटला की माणूस काय बोलणार?

तिने लताताईंना फोन केला. फार सांभाळून विचारलं, "बॅगेला कधी रंग वगैरे दिला होता का? पॉलिश? दुरुस्तीला दिली होती?"

"छे गं. रंग कशाला? हे कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत तिला."

झालं. मीनाक्षीचा उरलासुरला धीर गेला.

लताताई निकाल ऐकायला आल्या त्या दिवशी पातळ नीट चापून नेसून, कानांत मोत्याच्या कुड्या घालून आल्या होत्या. जणू बॅगेला स्थळ बघायला आल्या होत्या. मीनाक्षीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग ज्याची लाज तिला पुढे किती दिवस वाटायची होती ते सांगून टाकलं.

"लताताई, बॅग कंपनीचीच आहे. पण ती वापरून जुनी झालेली नाही. म्हणजे... सगळी नाही. जुनी दिसावी म्हणून केलेली आहे."

"केलेली म्हणजे?"

"कुणीतरी. आधीच. विकत घेतानाच तशी असेल."

लताताई बकलाकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "मग साहेबाने दिली नव्हती?"

"तसं मी म्हणत नाही..."

"दरवर्षी उन्हाळ्यात जायचे ते पाऊस सरताना यायचे. मी कधी त्यांच्याबरोबर गेले नाही. पत्र यायचं तर यायचं. मी मुलांना ही बॅग दाखवायची. म्हणायची, बघा, बाबांनी डोंगर कसे पालथे घातलेत." त्या थांबल्या. "ही डोंगरात गेलीच नसेल, तर मग हे कुठे होते गं, मीनाक्षी?"

 मीनाक्षीने बॅगेचा न्याय करायला घेतला होता, संसाराचा नव्हे. पण शब्द तोंडातून गेला होता. लताताई उठल्या. बॅग त्यांनी नेली नाही. "ठेव इथेच. मला घरात नको," म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरल्या.

त्या रात्री जेवताना सुबोध म्हणाला, "अगं, तू खरं तेच सांगितलंस ना?"

"तेच तर मला कळत नाहीये," मीनाक्षी म्हणाली, आणि तिने भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

नवरात्र बसलं. सातविणीच्या फुलांच्या उग्र वासाने सगळं सेक्टर भरून गेलं. लताताई मंडळाच्या भोंडल्याला आल्या नाहीत. बरं नाही म्हणाल्या. मीनाक्षीला भोंडल्याची गाणी गोड लागेनात. बॅग दुकानाच्या कपाटात होती आणि ती कपाट उघडायचं टाळत होती.

खंडेनवमी आली. शेजारच्या घरी कन्यापूजेची गडबड, पुऱ्या-हलव्याचा वास, लाल चुनऱ्या घेतलेल्या मुली या दारातून त्या दारात. तारळेकरांच्या घरी मात्र आपलं इचलकरंजीचं चाललेलं. हत्यारं काढायची, घासायची, पुसायची, हळदकुंकू वाहायचं. सुबोधने स्कूटरची किल्ली आणि लॅपटॉप पाटावर आणून ठेवला. "याला पण चिंच लावणार का?" म्हणाला. ही त्याची दरवर्षीची कोटी. मीनाक्षी दरवर्षी हसते. यंदा हसली नाही.

ती मोरीशी बसून भिंग घासत होती. आधी चिंचेचा कोळ, मग भांड्यांची पावडर, मग नारळाच्या शेंडीने एका दिशेने, वरून खाली. आई तसंच घासायची. उलटसुलट घासलं की पितळ रुसतं म्हणायची. भिंग धुतलं, पुसलं, उजेडात धरलं. आणि तिचे हात तसेच थांबले.

भिंगाच्या चौकटीच्या खाचा लखलखीत होत्या. बनवणाऱ्याच्या नावाची अक्षरं सगळी सारखीच बोथट. पितळभर बारीक ओरखडे, एकाच दिशेने, ओळीने. बिजागरीच्या भोकात पांढुरकी पूड.

हे भिंग काउंटरवर आलं असतं तर तिने बाद केलं असतं. वडिलांनी जन्मभर वापरलेलं, तिने स्वतः वर्षानुवर्षं डोळ्याला लावलेलं भिंग. याच भिंगातून ती लताताईंच्या बॅगेवरचे ओरखडे बघत होती आणि भिंगावरचे ओरखडे तिला दिसले नव्हते. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

"अहो!" ती ओरडली. "देवेंद्ररावांचं हत्यार काय होतं?"

सुबोध गोंधळून म्हणाला, "कुठलं हत्यार? ते दगड बघायचे."

"दगड बघायचे! म्हणजे हातोडा. आणि हातोडा कशात असायचा? बॅगेत!" तिने ओले हात पदराला पुसले. "पाऊस सरताना ते घरी यायचे. मग काय यायचं? दसरा!"

तिने फोनवर रंग विचारला होता, पॉलिश विचारलं होतं. कामावर असली की मीनाक्षीचं डोकं हिंदी-इंग्रजीत चालतं, आणि त्या डोक्याला चिंच कुठून सुचणार? लताताईंनी काहीही लपवलं नव्हतं. दसऱ्याला बॅग घासणं हे त्यांच्या लेखी बॅगेला काही 'करणं' नव्हतंच. कुणी विचारलं की देवाला काही करता का, तर आपण आंघोळ घालतो हे सांगायचं सुचतं का?

पूजा कशीबशी उरकून ती दुकानात पोचली. बॅग काढून खिडकीशी नेली. आता एकेक गोष्ट आपल्या जागी बसायला लागली. बकलाभोवतीचं फिकट कडं चिंचेच्या आंबटाने पडलं होतं. भोकातली पूड पावडरची होती. चामड्याचा सगळीकडे सारखा रंग तेलाचा, दरवर्षी बोटाने चोळलेल्या. आणि झडपेवरचा तो लालसर डाग? तिने स्वतःचं बोट त्यावर ठेवून पाहिलं. मधल्या बोटाच्या टोकाएवढा, बरोबर मधोमध. एकावर एक लावलेलं कुंकू.

"ये तो नकली वाली है ना?" हरलीनने मागून विचारलं.

"नहीं जी. असली है." मग ती थांबली. "इस पर दो लोगों का हाथ है. मैं एक को ही ढूँढ रही थी."

हरलीनला काही कळलं नाही, पण तिने चहा मागवला. मीनाक्षीला चहा सुचत नव्हता. घासणारा हात बाहेरूनच फिरतो. मग आतून? तिने पहिल्या वेळी अस्तर पाहिलं होतं, पण निकाल मनात ठरवून पाहिलं होतं. आता तिने बॅगेच्या आत हात घातला. बाजूला चामड्याचा एक फास शिवलेला, एका बाजूने ताणून पातळ झालेला, हातोड्याच्या वजनाने. तळाच्या शिवणीत बोट फिरवलं तर काहीतरी खरखरलं. तिने बॅग कागदावर उलटी करून हलकेच थोपटली. करड्या मातीची चिमूट पडली आणि तिच्यात उन्हात चमकणारे बारीक पापुद्रे. तिने तो कागद तसाच दुमडला, बॅग काखोटीला मारली आणि रिक्षा पकडली.

लताताईंच्या घरात खोकीच खोकी. देव्हारा तेवढा अजून मांडलेला होता, पण पाटावर यंदा काही ठेवलेलं नव्हतं. बॅग बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"लताताई, एवढंच सांगा. ही तुम्ही दसऱ्याला घासायचात का हो?"

"घासायची म्हणजे? न घासून कशी पुजणार?" त्या चिडल्या. "डोंगरातून यायची ती काय अवतार असायचा तिचा! चिंच, पावडर, मग तेल. यांना आवडायचं नाही, म्हणायचे, अगं ती चामड्याची आहे, तांब्या नव्हे. मी ऐकते होय? ज्याच्यावर पोट चालतं त्याला दसऱ्याला तरी..." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी मीनाक्षीकडे पाहिलं, मग बकलाकडे. "म्हणजे ते तू म्हणालीस ते... ते मी केलं?"

"तुम्ही केलंत. आणि मी ते ओळखलं नाही. मी, इचलकरंजीची!" मीनाक्षीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, लताताई. तुमच्या मनात मी नको ते घातलं."

लताताई खाली बसल्या.  सुटल्यासारखं वाटत होतं की रडू येत होतं, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. शेवटी त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस म्हणून मानायचं का आता? त्या दिवशीही तू म्हणालीस म्हणूनच मानलं होतं."

हे मीनाक्षीला मुकाट्याने गिळावं लागलं. तिने कागद उलगडला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हे आत होतं. तळाच्या शिवणीत."

खिडकीतून ऊन येत होतं. मातीत पापुद्रे चमकले. लताताई वाकल्या. त्यांनी एक बोट जिभेला लावून ओलं केलं, मातीवर टेकवलं आणि बोटाला चिकटलेला पापुद्रा उजेडात धरला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अभ्रक."

"ओळखता तुम्ही?"

"ओळखत नाही तर! आले की महिनाभर अंथरुणात हेच. चादरी झटकून झटकून हात मोडायचे माझे. केसांत, कानांत, उशीच्या अभ्र्यात. मी म्हणायची, आंघोळ करून या म्हटलं तर तुम्ही काय डोंगरच घेऊन येता घरात." त्यांनी बोटाकडे बघतच म्हटलं, "एवढं कुठून येतं असं वाटायचं तेव्हा. मी मेलीने काय काय विचार केले गं या पंधरवड्यात."

मीनाक्षी पुढे झाली. "आणखीही असेल आत. सुईने काढून देते सगळं. एखाद्या डबीत ठेवा."

"नको." लताताईंनी कागदाची घडी घातली, बॅगेची झडप उचलली आणि माती परत आत ओतली. मग बॅग पाटावर नेऊन ठेवली आणि हळदकुंकवाचा करंडा ओढला. चिंच, पावडर कशालाच त्यांनी हात लावला नाही.

"यंदा घासायची नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते राहू दे आत."